सगळ्यालाच फॉरवर्ड नको
«दर महिन्याला कच्च्या मालाचे १ लाख डॉलर द्यावे लागतात, निर्यातीचे ६० हजार येतात. १ लाखाचा फॉरवर्ड घेऊ का?»

नको. फॉरवर्ड म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा दर आजच बांधून घेणं; तो सगळ्या १ लाखावर लागत नाही. येणारे ६० हजार डॉलर रुपयांत बदलूच नका. बँकेत ईईएफसी खातं उघडून डॉलर तिथेच ठेवा आणि पुरवठादाराला त्यातून पाठवा. मग दराची जोखीम उरते ४० हजारांवर, फॉरवर्ड तेवढ्याचाच. शिवाय बँक डॉलर स्वस्तात घेते आणि महाग विकते. हा फरक ५० पैसे धरला, तरी ६० हजारांवर ३० हजार रुपये वाचतात. (खात्यावर व्याज नाही, तेवढं सोसायचं.)

खरी गोम तारखांत आहे. ५ जूनला आलेले डॉलर जुलैअखेरपर्यंत वापरले नाहीत, तर रुपयांत बदलावे लागतात. म्हणून पुरवठादाराशी बोलून बिलाची मुदत त्या आत बसवा. माझ्या एका परदेशी ग्राहकाने एकदा पैसे द्यायला दीड महिना उशीर केला. इकडे बिल थांबेना, शेवटी बाजारभावाने डॉलर घेतले. तेव्हापासून अशांचे पैसे मी जुळणीत धरतच नाही.

आणि निर्यातीवर पॅकिंग क्रेडिट, म्हणजे माल पाठवण्याआधी बँकेकडून मिळणारं कर्ज, उचललं असेल, तर आलेली रक्कम आधी त्या कर्जात वळती होते. ती या ६० हजारांतून वजा करा.