मैत्रिणीला मनातलं सांगायचंय, पण मैत्री गमवायची नाही. मदत हवी आहे

सात वर्षांची मैत्री आहे आमची. दर रविवारी सकाळी गंगापूर रोडला मिसळ खातो. ती न विचारता तिचा पापड माझ्या ताटात ठेवते. गेल्या महिन्यात तिच्यासाठी स्थळ आलं, तेव्हा माझा घास घशातच अडकला. तेव्हाच कळलं, हे नुसती मैत्री राहिलेलं नाही.

पण तिच्याकडून तसं काही आहे का, ते उमजत नाही. ती सगळ्यांशीच मोकळी वागते, त्यामुळे पापडाचा अर्थ लावायला भीती वाटते.

व्हॉट्सॲपवर लिहायचं नाही, ग्रुपमधल्या कोणाला आधी सांगायचं नाही, एवढं ठरवलंय. तिच्या कानावर दुसऱ्याकडून गेलं तर तिला फसवल्यासारखं वाटेल. सोमेश्वरला फिरताना एकदाच सरळ सांगेन: "मला तू मैत्रिणीपेक्षा जास्त आवडतेस. आत्ता उत्तर नको. नाही म्हणालीस तर पुन्हा विषय काढणार नाही." गाड्या वेगवेगळ्या नेऊ, म्हणजे तिला लगेच निघावंसं वाटलं तर माझ्यामागे बसून घरी यायला नको.

ज्यांना नकार मिळूनही मैत्री टिकली, त्यांनी सांगा: नंतर किती दिवस अंतर ठेवलंत? पुढच्या रविवारी मिसळीला मी बोलवावं, की ती बोलवेपर्यंत थांबावं?