मदत हवी आहे: प्रोफाईलच्या हेडलाईनमध्ये हुद्दा सोडून नेमकं काय लिहायचं?

रकाना_सातवा
लिंक्डइनवर माझी सध्याची हेडलाईन अशी आहे:

"इन्व्हेंटरी मॅनेजर | सप्लाय चेन प्रोफेशनल | ११ वर्षांचा अनुभव | टीम प्लेयर"

आता नोकरी नाही, स्वतंत्र कामं घेते. कारखान्याचा साठा आणि सिस्टीममधली नोंद यांत फरक पडत असेल तर तो शोधून द्यायचा आणि पुन्हा पडू नये अशी पद्धत बसवून द्यायची, असं काम आहे. "कोणाला आणि कशी मदत करता ते लिहा" हा सल्ला सगळीकडे वाचला. लिहायला बसले की मात्र "व्यवसायांना साठा व्यवस्थापनात मदत करते" याच्या पुढे गाडी सरकत नाही. तेही पोकळच वाटतं. नेमकं कुठे चुकतंय?

भरधाव_बोरू
सोपं आहे. २२० चिन्हांची मर्यादा आहे, ती पूर्ण वापरा. इन्व्हेंटरी, वेअरहाऊस, सप्लाय चेन, लॉजिस्टिक्स, परचेस, प्लॅनिंग, ऑडिट, सगळे शब्द उभ्या रेघा मारून टाका. लोक शोधतात ते शब्द हेडलाईनमध्ये असले की वर येता.

तिसरा_मसुदा
शोधात सापडायला शब्द लागतात हे बरोबर, पण अर्धंच. यादीत दिसणं वेगळं आणि त्या यादीतून कोणी तुमच्या नावावर बोट ठेवणं वेगळं. आठ शब्दांची माळ घातलेली माणसं यादीत वीस असतात आणि वाचणाऱ्याला ती सगळी सारखीच दिसतात. शिवाय परचेस आणि लॉजिस्टिक्सही टाकलं तर ज्या कामाशी तुमचा संबंध नाही त्याची विचारणा येईल.

रकाना_सातवा, तुमच्या वाक्यात तीन जागा रिकाम्या आहेत. "व्यवसायांना" यात किराणा दुकानापासून जहाज कंपनीपर्यंत सगळे आले, म्हणजे कोणीच आलं नाही. "साठा व्यवस्थापन" हे विषयाचं नाव झालं, अडचणीचं नाही. आणि "मदत करते" हे क्रियापद काहीच सांगत नाही, सल्ला देता की स्वतः मोजायला उभ्या राहता ते कळत नाही.

हेडलाईन लिहायला घेऊ नका अजून. आधी शेवटची पाच कामं कागदावर मांडा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: काम देणारा कोण होता (किती माणसांचा कारखाना, काय बनवतो), पहिल्या बोलण्यात त्याने तक्रार कोणत्या शब्दांत सांगितली, आणि तुम्ही निघालात तेव्हा त्याच्या हातात काय होतं. तक्रार तुमच्या भाषेत नको, त्याच्या भाषेत हवी. ती यादी इथे टाका.

पाटी_कोरी
मीही याच प्रश्नावर अडकलोय. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये चार वर्षं झाली, नोकरी शोधतोय. "डेव्हलपर टीम्सना रिलीजआधी चुका पकडून देतो" असं लिहिलं, तेव्हापासून रिक्रूटरची विचारणा जवळपास बंद झाली. मग हा सल्लाच चुकीचा आहे का?

तिसरा_मसुदा
तुमची गोष्ट वेगळी आहे. नोकरीसाठी माणूस शोधणारा हुद्द्याचंच नाव टाकून शोधतो, "चुका पकडून देतो" असं कोणी टाकत नाही. शिवाय हुद्दा नसलेलं असं वाक्य वाचून तुम्ही सेवा विकणारे फ्रीलान्सर आहात असं वाटतं आणि तो पुढे जातो. नोकरी हवी असेल तर हुद्दा सर्वांत आधी, ज्या नावाने जाहिराती येतात त्याच नावाने. त्यानंतर कसली टेस्टिंग आणि कशा प्रकारच्या प्रॉडक्टची. "कोणाला" हा भाग तिथे दुय्यम.

रकाना_सातवा
पाच कामं:

१. सुटे भाग बनवणारा कारखाना, ४० माणसं. "सिस्टीममध्ये माल दिसतो, रॅकवर नसतो."
२. फॅब्रिकेशन, २५ माणसं. "बोल्ट संपले हे असेंब्ली थांबल्यावर कळतं." बोल्ट किलोने येत होते, नगाने जात होते आणि रूपांतराचा आकडा कोणीतरी अंदाजाने टाकलेला होता.
३. हॉस्पिटलच्या औषध भांडारात मुदतबाह्य मालाची छाननी.
४. पंप बनवणारे, ७० माणसं. "वर्षाअखेरीच्या मोजणीला दोन दिवस कारखाना बंद ठेवतो, तरी आकडा जुळत नाही." रीवर्कसाठी भाग चिठ्ठीशिवाय उचलले जात होते आणि स्क्रॅपची नोंदच होत नव्हती.
५. एका वितरकाला गोदामाची मांडणी करून दिली.

१, २ आणि ४ मध्ये शेवटी त्यांच्या हातात काय राहिलं: सायकल काउंटिंगचं वेळापत्रक (महागडे आयटम दर महिन्याला, मधले तिमाहीत एकदा, बाकीचे वर्षातून एकदा) आणि इश्यू-रिसीटच्या नोंदींची पक्की पद्धत.

तिसरा_मसुदा
आता हेडलाईन जवळपास लिहून झाली आहे. ३ आणि ५ बाजूला ठेवा. ती कामं घेऊ नका असं नाही, पण हेडलाईनमध्ये ती आली की वाक्य पुन्हा "व्यवसायांना" वर जाऊन बसेल. उरलेली तिन्ही एकाच जातीची आहेत: शंभराच्या आतली माणसं, काहीतरी बनवणारे, आणि नोंद आणि माल यांचा मेळ नाही. पहिला मसुदा:

"छोट्या कारखान्यांचा कागदावरचा आणि रॅकवरचा साठा जुळवून देते"

वाक्य बरं आहे, अडचण लांबीची आहे. २२० चिन्हं पूर्ण दिसतात ती प्रोफाईल उघडल्यावर. कोणाच्या पोस्टखाली तुम्ही कॉमेंट केली की नावाखाली फक्त सुरुवात दिसते आणि पुढे तीन टिंबं. किती दिसेल हे स्क्रीनवर अवलंबून असतं, म्हणून पहिल्या ५० चिन्हांत अर्थ पूर्ण झाला पाहिजे असं धरून चालावं. या मसुद्यात "जुळवून" अठ्ठेचाळिसाव्या चिन्हाला सुरू होतं. म्हणजे फोनवर दिसणार "छोट्या कारखान्यांचा कागदावरचा आणि रॅकवरचा साठा…" आणि साठ्याचं काय करता, विकता की मोजता, ते टिंबांत गेलं.

मराठीत मोजताना आणखी एक फसगत होते. "स्टॉक" आपल्याला दोन अक्षरांचा वाटतो, पण स, पायमोड, ट, ॉ, क अशी पाच चिन्हं होतात. काने, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. म्हणून बोटांवर मोजू नका, अक्षरं मोजणाऱ्या साधनात टाका.

आटोपशीर केलं तर:

"छोट्या कारखान्यांचा साठा नोंदींशी जुळवून देते | सायकल काउंटिंग, इश्यू-रिसीट नोंदी, किलो-नग फरक | इन्व्हेंटरी सल्लागार"

पहिला तुकडा ४५ चिन्हांत संपतो. सगळं मिळून १२० च्या आत बसतं, उरलेली जागा भरायची काही गरज नाही. कोणाला आणि काय हे पहिल्या तुकड्यात, कसं हे दुसऱ्यात, आणि ज्या नावाने शोधतील ते शेवटी. भरधाव_बोरू म्हणतात तो शोधाचा मुद्दा "सायकल काउंटिंग" आणि "इन्व्हेंटरी सल्लागार" या दोन जागी भागतो.

भरधाव_बोरू
मान्य, पण आकडा कुठाय? "साठ्यातली तफावत ९० टक्क्यांनी कमी करते" असं टाकलं तर माणूस थांबतो.

तिसरा_मसुदा
थांबतो आणि विचारतो, कुठे केली? तफावत कमी होणं हे कारखान्यातली माणसं चिठ्ठी लिहितात की नाही यावर अवलंबून आहे, ते यांच्या हातात नाही. एका ठिकाणचा आकडा हेडलाईनमध्ये घातला की तो सगळ्यांना दिलेला शब्द होतो. आकडा खाली अनुभवाच्या नोंदीत लिहा, कोणत्या प्रकारच्या कारखान्यात आणि किती महिन्यांत ते सांगून, आणि ग्राहकाची हरकत नसेल तरच.

उलटतपासणी
"किलो-नग फरक" मला खटकतंय. बाहेरच्या माणसाला काही कळणार नाही, वजनकाट्याचं दुकान वाटेल. आणि "देते" या क्रियापदाबद्दल विचार केलाय का? इंग्रजीत ही अडचण येत नाही, मराठीत तो-ते ठरवावंच लागतं. पुढे दोघं-तिघं मिळून काम करायला लागलात की "देतो" करावं लागेल.

तिसरा_मसुदा
बाहेरच्या माणसाला कळलं नाही तर बिघडत नाही, ज्याचे बोल्ट असे हरवतात त्याला लगेच कळतं. पण वाचणाऱ्यांत लेखा विभागाची माणसं जास्त असतील तर तुमचं बरोबर ठरेल, तिथे "मोजमाप एककातल्या चुका" चालेल. मला तो शब्द कोरडा वाटतो. क्रियापदाचं म्हणाल तर "जुळवून देणे" केलं की निविदेची जाहिरात वाटते. मी "देते" ठेवेन.

उलटतपासणी
"साठा जुळवणी" असं नाम करून बघा. माझं मत तिकडे आहे.

आणखी एक. लोकांना "कशी वाटते?" असं विचारू नका, सगळे छान म्हणतात. या धंद्यातल्या नसलेल्या दोघांना हेडलाईन पाच सेकंद दाखवा, काढून घ्या आणि विचारा, "हिच्याकडे तू कोणाला पाठवशील?" उत्तरात "कारखानावाला" आला तर ठीक. "गोदामवाला" आला तर पहिला तुकडा अजून सैल आहे. मग हीच ओळ तुमच्याच क्षेत्रातल्या दुसऱ्या कोणाच्या नावाखाली ठेवून बघा. तुमची जुनी हेडलाईन हजार जणांना चपखल बसते.

रकाना_सातवा
दोघांना दाखवली. एकीने सांगितलं, "मशीनचे पार्ट बनवणाऱ्या काकांना." दुसरा म्हणाला, "नोंदी म्हणजे हिशेबाच्या का? मग सीएकडे जातील की." आता "नोंदींशी" बदलायचं का?

तिसरा_मसुदा
हा दुसरा उपयोगी माणूस आहे. "नोंदींशी" ऐवजी "सिस्टीमशी" करून बघा, तुमच्या पहिल्या ग्राहकाचा शब्दही तोच होता. पण ज्यांच्याकडे अजून वहीतच साठा लिहिला जातो ते मग गळतील. तसे किती येतात तुमच्याकडे?

पाटी_कोरी
मध्येच विचारतो. मी हुद्दा पुढे आणला होता, पण काल प्रोफाईलमध्ये एक जुनी नोकरी जोडली आणि आज बघतो तर हेडलाईन बदललेली!

उलटतपासणी
नोकरी जोडायच्या फॉर्ममध्येच हेडलाईनचा रकाना असतो, तिथे काय लिहिलंय ते न बघता जतन केलं असेल. हेडलाईन दुसरीकडे एका फाईलमध्ये लिहून ठेवा आणि अनुभवात काही बदललं की ताडून बघा.

रकाना_सातवा
वहीवाले पाचात एक म्हणावे लागतील, फॅब्रिकेशनवाले तसेच होते, सिस्टीम नंतर आली. सध्या "सिस्टीमशी" टाकते. "किलो-नग" महिनाभर ठेवून बघते, विचारणा करणाऱ्याने त्याचा उल्लेख केला तर इथे कळवेन.