एरियर्स 1,44,000, हातात 50,976: बाकीचे गेले कुठे?

तिसरी_पाळी
पगारवाढीचा करार मे 2025 मध्ये झाला, लागू 1 एप्रिल 2023 पासून. दोन वर्षांचा फरक महिना 6,000 प्रमाणे 1,44,000 बसला. जूनच्या पगारात हातात आले 50,976. पीएफ कापला 14,400, टॅक्स कापला 78,624. वर अकाउंट्सवाला म्हणतो, "तुमच्यासाठी आम्ही आधीच तरतूद करून ठेवली होती." ठेवली होती तर माझे पैसे कुठे गेले? ही सरळ लूट आहे. कंपन्यांना आमच्यासारखे अडाणीच हवे असतात.

खतावणी
लूट म्हणण्याआधी स्लिप नीट वाचा. मी हेच काम करतो म्हणून राहवलं नाही.

पीएफ बरोबर आहे. 6,000 पैकी बेसिक आणि डीए 5,000 धरले की दोन वर्षांचे 1,20,000, त्यावर 12 टक्के 14,400. तेवढेच कंपनीनेही भरले. तुमचा पेन्शनचा भाग 15,000 च्या मर्यादेवर आधीच अडकलेला असणार, म्हणून कंपनीचा हिस्सा पूर्ण पीएफ खात्यातच जमा होईल. पासबुक उघडा, 28,800 दिसले नाहीत तर मग भांडा.

टॅक्स बघा. फरक सोडून 2025-26 चं तुमचं करपात्र उत्पन्न 12 लाखांच्या आत असावं. समजा 11,60,000. नव्या पद्धतीत त्यावर शून्य टॅक्स. फरकाने ते 13,04,000 झालं, 12 लाखांपर्यंतची करसवलत गेली, आणि पूर्ण स्लॅबप्रमाणे 75,600 अधिक 4 टक्के सेस मिळून 78,624. तुमचा आकडा. म्हणजे 1,44,000 वर टॅक्स नाही लागला, 1,44,000 मुळे अख्ख्या वर्षाच्या उत्पन्नावर टॅक्स लागला.

तिसरी_पाळी
म्हणजे मला पगारवाढीची शिक्षा झाली. धन्यवाद, मनाला फार बरं वाटलं.

खतावणी
पुढचं वाचा ना. आयकर कायद्याच्या कलम 89 ची सवलत आहे. 2023-24 चे 72,000 त्या वर्षाच्या उत्पन्नात आणि 2024-25 चे 72,000 त्या वर्षाच्या उत्पन्नात घातले असते तर किती टॅक्स वाढला असता, ते बघायचं. तुमची उत्पन्नं तेव्हा 10,40,000 आणि 11,00,000 होती असं धरा. दोन्ही वर्षी तुम्ही 15 टक्क्यांच्या पट्ट्यात, म्हणून सेससह वर्षाला 11,232 वाढले असते, दोन वर्षांचे 22,464. आज 78,624 लागले. वजाबाकी 56,160, तेवढे परत मिळतात.

त्यासाठी रिटर्नच्या आधी पोर्टलवर 10E फॉर्म भरायचा. आणि वर्ष निवडताना फरक ज्या वर्षी हातात आला त्याचं असेसमेंट वर्ष, म्हणजे 2026-27. लोक जुनं वर्ष निवडतात, किंवा फॉर्म न भरताच रिटर्नमध्ये सवलत टाकतात आणि मग डिपार्टमेंटची मागणी आली की ओरडतात.

निवृत्त_फिटर
10E ची टिमकी वाजवू नका. मी भरला होता, सवलत आली शून्य. दोन दिवस जुने फॉर्म 16 शोधले आणि हाती धुपाटणं.

खतावणी
काका, तुमचा स्लॅब तेव्हाही 20 टक्के आणि आताही 20 टक्के असेल तर सवलत शून्यच येणार. पट्टा ओलांडला किंवा इथल्यासारखी सवलतीची सीमा ओलांडली, तरच फायदा.

निवृत्त_फिटर
असेल. पण माझं खरं दुखणं वेगळं. निवृत्त झाल्यावर करार झाला. पीएफ मी काढून खातं रिकामं केलं होतं. त्यांनी फरकाचा पीएफ त्याच खात्यात टाकला, परत क्लेम भरायला लावला. आणि ऐका, युनियनने फरकातून "लेव्ही" म्हणून वेगळे पैसे घेतले ते घेतलेच. पावती? आजतागायत नाही.

जुनाजाणता
लेव्हीवर बोललात ते बरं झालं. आमच्याकडे करार होण्याआधीच संमतीपत्रावर सह्या घेतल्या, पोरांनी न वाचता केल्या. आता म्हणतात कराराचा खर्च निघाला. कसला खर्च? चर्चेला जाणाऱ्यांचा नाश्ता?

तिसरी_पाळी
युनियनला नावं ठेवू नका. ती नसती तर हे 1,44,000 सुद्धा नसते.

जुनाजाणता
नावं ठेवत नाही, पावती मागतोय. दोन्हींत फरक आहे, पण तुम्हाला पावती मागितली तरी गद्दार दिसतो.

निवृत्त_फिटर
आमच्याकडे पावती मागणाऱ्याला पुढच्या मीटिंगचा निरोपच मिळाला नाही.

आकडेमोड
लेव्ही सोडा, मूळ प्रश्न बुडाला. कंपनीने तरतूद केली तेव्हाच खर्च दाखवला, मग टीडीएसही तेव्हाच कापायला हवा होता. शिवाय मागच्या वर्षांचा खर्च म्हणून हे "प्रायर पीरियड" होतं. अकाउंट्सने गोंधळ घातलाय.

खतावणी
कंत्राटदाराच्या बिलावर तुमचं पहिलं वाक्य चाललं असतं, कारण तिथे खात्यात जमा करतानाच टीडीएस लागतो. पगारावर तो प्रत्यक्ष देतानाच. तरतूद म्हणजे येणारा खर्च अंदाजाने वहीत धरणं; तेव्हा कोणाला किती, हेच ठरलेलं नसतं, कापणार कोणाच्या पॅनवर? आणि प्रायर पीरियड म्हणजे मागची चूक. लेखामानक 5 मध्ये पूर्वलक्षी वेतनवाढीची थकबाकी उदाहरण देऊनच त्यातून वगळली आहे. चूक नव्हती, करार नव्हता.

तरतुदीचं गणित यांच्या एकट्याच्या आकड्यावर घ्या. समजा कंपनीने फक्त पगाराच्या फरकाचे 1,00,000 धरले होते, आपला पीएफ धरलाच नव्हता. प्रत्यक्ष खर्च 1,44,000 आणि कंपनीचा पीएफ 14,400, एकूण 1,58,400. तरतूद खाते नावे 1,00,000, आणि कमी पडलेले 58,400 यंदाच्या खर्चात. जमा बाजूला बँक 50,976, टीडीएस 78,624, पीएफ 28,800. बेरीज करून बघा, 1,58,400 येते. कर्मचाऱ्याचं घेणं त्यात एक पैसाही बदलत नाही.

खरी चूक वेगळीकडे होते. 1,44,000 पूर्ण पगारखर्चात टाकतात आणि तरतूद तशीच पडून राहते. खर्च दोनदा मोजला जातो. करार संपूनही ताळेबंदात "वेतनवाढ तरतूद" जुन्याच आकड्यावर दिसली की समजायचं.

आकडेमोड
प्रायर पीरियडचं मान्य, लेखामानक वाचून आलोय. पण कंपनीचा पीएफ तरतुदीत धरला नव्हता हे तुम्हीच लिहिलंत. हा निष्काळजीपणा नाही?

खतावणी
आहे. बहुतेक ठिकाणी धरतच नाहीत. तेवढं तुमचं.

तिसरी_पाळी
सगळं कळलं. तुम्ही हुशार आहात, मान्य. मग सांगा, 56,160 परत मिळतात हे कंपनीने आधी का नाही सांगितलं? जूनमध्येच कमी कापता आलं नसतं का?

खतावणी
आलं असतं. तुम्ही 10E चा तपशील कंपनीला दिला असता तर टीडीएस कापतानाच ही सवलत धरायला कायदा परवानगी देतो. शिवाय अख्ख्या वर्षाचा टॅक्स एकाच महिन्यात कापायची सक्ती नव्हती, मार्चपर्यंत पसरवता आला असता. पेरोलवाल्याने सोयीचं केलं. इथे तुमचा राग रास्त आहे.

तिसरी_पाळी
अखेर! पण एक राहिलंच. एप्रिल 2023 पासून माझा पीएफ कंपनीकडे अडकला होता. त्याचं व्याज?

खतावणी
पीएफ ज्या महिन्यात भरला तिथून पुढेच व्याज. फरकाचा हप्ता करारानंतर देय होतो, म्हणून आधीच्या महिन्यांचा दंडही कंपनीवर बसत नाही.

जुनाजाणता
म्हणजे दोन वर्षं पैसे वापरायचे त्यांनी, आणि नियम पाळलाही त्यांनीच. वा!

खतावणी
करार झालाच नव्हता तेव्हा ते पैसे तुमचे नव्हते, असं कायदा म्हणतो.

निवृत्त_फिटर
आणि काम कोणी केलं होतं, ते कायदा म्हणतो का?

तिसरी_पाळी
व्याजाचं पुढच्या करारात कलम घालायला सांगतो. 10E आज रात्री भरतो. आणि जुनाजाणता, लेव्हीची पावती मीपण मागणार आहे, पण युनियनला गद्दार म्हणायचं नाही.

जुनाजाणता
तो शब्द माझ्या तोंडी तुम्हीच घातलात. पावती मिळाली की इथे टाका.