मदत हवी आहे: कूलरच्या लेखाचं शीर्षक बदलूनही लोक शिव्या घालतायत

भुसावळकर_९२
घाईत आहे, मुद्द्याचं सांगा. माझा डेझर्ट कूलरवर तुलना-लेख आहे, खाली अ‍ॅफिलिएट लिंका. शीर्षकात वर्ष आणि किंमत दोन्ही आहे. तरी परवा एकाने खाली लिहिलं, 'फसवणूक'. क्लिक येतात, खरेदी शून्य. वरून गुगलवर अजून जुनंच वर्ष दिसतंय. इकडे पारा ४५ ला टेकलाय, सीझन पंधरा दिवसांचा उरला. चांगलं शीर्षक सुचवा.

पारोळ्याचा_पिंट्या
शीर्षक काय आहे ते तर टाक रे भो!

भुसावळकर_९२
हो, राहिलंच. '१० हजारांच्या आत सर्वोत्तम ७ कूलर २०२६'.

अमळनेर_कूलरवाला
मन्हं कूलरनं दुकान शे अमळनेरमा. भाऊ, ऑनलाइनच्या नादी लागू नका. लोखंडी पत्र्याचा घ्या, तिन्ही बाजूंना गवत लावून. बोअरच्या खारट पाण्याने हनीकोम्ब पॅडवर दोन महिन्यांत पांढरा थर बसतो. गवत दरवर्षी बदललं की काम झालं.

पारोळ्याचा_पिंट्या
काका, त्याला कूलर घ्यायचा नाहीये, कूलरवर लिहायचंय.

एसईओ_नंदुरबार
सोपं आहे. १ जानेवारीला सगळ्या लेखांचं वर्ष बदलायचं, गुगलला ताजं आवडतं. शीर्षक बरोब्बर ६० अक्षरांत बसवायचं. 'सर्वोत्तम' अजिबात काढू नकोस, क्लिक त्यावरच येतात.

धुळ्याची_मीनल
६० अक्षरांचा असा नियम कुठेच नाही. गुगल शीर्षक जागेच्या रुंदीवर कापतं, आणि आपल्या जोडाक्षरांचा हिशोब इंग्रजीसारखा नसतो. किंमत पुढे ठेवली की कापलं तरी चालतं, एवढंच लक्षात ठेव.
भुसावळकर, तीन गोष्टी सांगा. किमती कधी पाहिल्या होत्या? सातांतले किती स्वतः वापरलेत? वर्ष बदललं तेव्हा आणखी काय बदललं?

भुसावळकर_९२
किमती मार्चमध्ये पाहिल्या. दोन वापरलेत, एक घरी, एक मामांकडे यावलला. बाकीचे पानावरची माहिती आणि लोकांचे अभिप्राय बघून. वर्ष जानेवारीत बदललं, फक्त वर्षच.

धुळ्याची_मीनल
जानेवारीत वर्ष बदललं आणि किमती मार्चच्या? म्हणजे मार्च २०२५?

भुसावळकर_९२
...हो. गेल्या वर्षीचा मार्च.

पारोळ्याचा_पिंट्या
मग 'फसवणूक' म्हणणारा काय चुकला 😄

धुळ्याची_मीनल
हसू नकोस, सगळे हेच करतात. आज सातही लिंका उघडा आणि दिसणारी किंमत इथे लिहा. बँक कार्डाची सूट धरू नका, पेटीवरची छापील किंमतही नको. कुठलीही ऑफर न लावता जो आकडा येतो तो.

भुसावळकर_९२
पाहिलं. चार १० हजारांच्या आत आहेत: ८,७९०, ८,९९०, ९,४९०, ९,६९०. पाचवा १०,४९०. सहावा ११,२९०, त्याचे मी ९,७९९ लिहिले होते, आता आठवलं की त्यात कार्डाची हजाराची सूट धरली होती. सातवा 'सध्या उपलब्ध नाही'.

धुळ्याची_मीनल
दुखणं इथेच आहे. 'च्या आत' म्हणजे छत. सातांतला एकजरी वर गेला तरी शीर्षक खोटं ठरतं. तुमचे दोन वर गेलेत आणि एक मिळतच नाही. दहा हजार खिशात घेऊन आलेला माणूस सहाव्यावर क्लिक करतो, ११,२९० बघतो आणि माघारी फिरतो. क्लिक आहेत, खरेदी नाही, ते यामुळेच असावं.

दोन वाटा आहेत. 'च्या आत' ठेवायचं असेल तर चारच कूलर ठेवा. पण ९,६९० आणि दहा हजारांत ३१० रुपयांचंच अंतर आहे. सीझनमध्ये ते आठवड्यात संपू शकतं, तेव्हा सोमवारी-सोमवारी बघावं लागेल. नाहीतर पट्टा द्या: '९ ते १२ हजारांतले ६ डेझर्ट कूलर'.

एसईओ_नंदुरबार
सर्वात स्वस्त ८,७९० ला आहे ना? मग '८ हजारांपासून' लिही. जास्त लोक येतील.

धुळ्याची_मीनल
येतील, आणि ८,००० घेऊन आलेल्याला एकही मिळणार नाही. पट्ट्याचे दोन्ही आकडे वरच्या बाजूलाच गोल करायचे. ८,७९० चे ९ हजार, ११,२९० चे १२ हजार. खालचा आकडा खाली ओढला की स्वस्ताई दाखवल्यासारखं होतं. आणि वरचा १५ करू नका, त्या भावात तुमच्या यादीत काहीच नाही.

भुसावळकर_९२
चारच ठेवले तर सहावा जातो. कमिशन त्यावरच सगळ्यात जास्त आहे.

पारोळ्याचा_पिंट्या
आता खरं बाहेर आलं!

धुळ्याची_मीनल
मग पट्टा घ्या, सहावा राहील. तो महाग आहे हे लेखात सरळ लिहा. आता वर्ष. शीर्षकातलं २०२६ म्हणजे 'मी यादी या वर्षी तपासली' एवढंच. मॉडेल मिळतंय का, तेच मॉडेल आहे का, भाव काय, हे बघितल्याशिवाय आकडा बदलू नये.

तसं बघितलं तर नुसतं वर्षही पुरत नाही. माझा एसीचा लेख २०२५ चा. २२ सप्टेंबर २०२५ ला एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि माझ्या सगळ्या किमती एका दिवसात शिळ्या झाल्या. वर्ष तेच. तेव्हापासून पहिल्या परिच्छेदात 'भाव अमुक तारखेला पाहिले' ही ओळ टाकते. शीर्षकात महिना घालत नाही, तो दर महिन्याला बदलायचं काम होऊन बसतं.

भुसावळकर_९२
आणि गुगलवर जुनं वर्ष?

धुळ्याची_मीनल
पानावरचं मोठं शीर्षक बदललंत का, की फक्त एसईओ प्लगइनच्या खान्यात?

भुसावळकर_९२
प्लगइनमध्ये. पानावर... अरे, पानावर २०२५ च आहे.

धुळ्याची_मीनल
मग गुगलने पानावरचं उचललं असणार. दोन ठिकाणी वेगळं लिहिलं की कुठलं दाखवायचं ते गुगल ठरवतं. दोन्ही सारखे करा आणि पान पुन्हा वाचलं जाईपर्यंत थांबा. पत्त्यात वर्ष आहे का?

भुसावळकर_९२
`/best-desert-cooler-2025/`

धुळ्याची_मीनल
`/desert-cooler/` करा आणि जुन्यावरून ३०१ लावा. नाहीतर दरवर्षी हाच घोळ.

एसईओ_नंदुरबार
मधल्या सीझनमध्ये पत्ता बदलायला सांगताय? रँक हलला तर? मी तरी पावसाळ्यापर्यंत हात लावणार नाही.

धुळ्याची_मीनल
हे मात्र पटलं. पत्ता जूनअखेर बदला, शीर्षक आज.

चाळीसगाव_ब्लॉगर
अ‍ॅमेझॉन असोसिएट्समध्ये हाताने टाइप केलेली किंमत चालत नाही, ती त्यांच्या एपीआयमधून यावी लागते. मग शीर्षकातला पट्टा तरी चालेल का?

धुळ्याची_मीनल
एखाद्या वस्तूपुढे ठाम भाव लिहिण्याबद्दल तो नियम आहे असं मी समजते. पट्टा ही माझी वर्गवारी आहे, त्यांचा भाव नाही.

चाळीसगाव_ब्लॉगर
तुम्ही समजता. त्यांनी समजलं पाहिजे ना. मी तर शीर्षकात आकडाच घालत नाही, 'मध्यम बजेट' लिहितो.

पारोळ्याचा_पिंट्या
मध्यम कोणाचं? तुमचं की माझं?

भुसावळकर_९२
हे कसं वाटतं: '९ ते १२ हजारांतले ६ डेझर्ट कूलर २०२६: २ वापरून, ४ माहितीवरून'. 'सर्वोत्तम' काढलं.

एसईओ_नंदुरबार
'माहितीवरून' वाचून कोण क्लिक करेल?

धुळ्याची_मीनल
लांबलंय थोडं. 'माहितीवरून' लेखात पहिल्या ओळीत घ्या, शीर्षकात '२ घरी वापरलेले' पुरे. यावलच्या मामांचा फोटो असेल तर टाका, म्हणजे कूलरचा.

अमळनेर_कूलरवाला
यावलचं पाणी कसं आहे? खारट असेल तर पॅड काढून दाखवा फोटोत, मग कळेल.

भुसावळकर_९२
काका, ते खरंच चांगलं सुचवलंत. रविवारी जातो.