पाऊण चेहऱ्यावर नवा चेहरा बसवताना जुनं नाक डोकावतं, उपाय सुचवा

मधुरा_कट: लघुपटात जिन्यावरून पडण्याचा 4 सेकंदांचा शॉट डमीने केलाय. त्यावर नायिकेचा चेहरा बसवायचाय, दोघींची लेखी संमती आहे. समोरून झकास बसतो. पण मान वळून पलीकडचा गाल-कान लपला की गालाची कड थरथरते आणि नव्या नाकापुढे जुन्याचं टोक दिसतं. फेसफ्यूजन, inswapper_128, कार्ड 8 जीबी. खर्च शून्यच हवा.

रेंडरराजा: 24 जीबीचं कार्ड घ्या. मी घेतलं, तेव्हापासून डोकेदुखी संपली.

सायली_ब: शून्य खर्च म्हणतेय ती! मधुरा, नायिकेचा त्याच कोनातला फोटो दे. नसेल तर दुसऱ्या बाजूचा उलटवून.

रेंडरराजा: उलटवला की तीळ भलत्या गालावर जातो.

जुना_कंपोझिटर: तिळाचं इथे काही अडत नाही. हे मॉडेल फोटोतून माणसाची ओळख तेवढी उचलतं, कोन डमीचाच राहतो. डीपफेसलॅबमध्ये ट्रेनिंग करणार असाल तर बाजूचं फुटेज लागतंच, तिथे सायलीचं बरोबर. थरथरीचं कारण वेगळं आहे. चेहरा दोन डोळे, नाकाचा शेंडा आणि ओठांचे दोन कोपरे या पाच बिंदूंवर बेतला जातो. पलीकडचा डोळा लपला की त्याची जागा अंदाजाने ठरते आणि तो अंदाज दर फ्रेमला हलतो. शॉट फ्रेम-फ्रेम पुढे न्या. पलीकडच्या पापण्या दिसताहेत तोवरच बदल ठेवा.

नाकाचं दुखणं त्याहून मोठं. बाजूने पाहताना नाकाची कड थेट पार्श्वभूमीवर येते. डमीचं नाक लांब असेल तर उरलेलं टोक पुसावं लागतं, आणि त्यामागची भिंत त्या फ्रेममध्ये नसतेच. कॅमेरा स्थिर होता का? असेल तर रिकाम्या जिन्याची फ्रेम मागे ठेवून टोक पुसा. कान डमीचाच राहणार, मास्क त्याच्या अलीकडेच संपतो. कानातलं तरी जुळवा.

निवांत_नाना: माझ्या ग्रुप फोटोत काकांचे डोळे मिटलेत. हेच चालेल का?

जुना_कंपोझिटर: नाना, लगेच काढलेला दुसरा फोटो असेल तर त्यातले डोळे आणून चिकटवा. यात पडू नका.

सायली_ब: तेच म्हणत होते मी, त्याच कोनातला फोटो.

मधुरा_कट: कॅमेरा खांद्यावर होता, रिकामी फ्रेमही नाही. पापणी दिसेनाशी होते तिथे बदल थांबवते आणि पुढचा भाग ग्रेडिंगमध्ये काळोखात ढकलते. डमीचं नाक राहू दे.

जुना_कंपोझिटर: कडेमागे उजेडाची भिंत असेल तर काळोखात तेच नाक जास्त उठून दिसेल. नायिकेला त्याच उजेडात, तेवढ्याच अंतरावरून बाजूने शूट करून हाताने बसवा.

मधुरा_कट: ती आता केस कापून बसलीय. काळोखच.

रेंडरराजा: कार्ड घेतलं असतं तर...