मदत हवी आहे : ४९ टक्के भागीदाराचा नकाराधिकार कुठे लिहावा?

नमस्कार. सुटे भाग बनवणारी आमची पुण्यातील कंपनी दुसऱ्या कंपनीबरोबर संयुक्त प्रायव्हेट लिमिटेड कंपनी स्थापन करत असून, त्यात आमचा हिस्सा ४९ टक्के आणि संचालक मंडळावरील पाचपैकी दोन जागा आमच्या असतील. विशेष ठरावाला ७५ टक्के मते लागत असल्याने आर्टिकल्स ऑफ असोसिएशनमधील बदल आम्ही रोखू शकतो. परंतु मोठे कर्ज किंवा वार्षिक अंदाजपत्रक मंडळात तीन विरुद्ध दोन मतांनी संमत होईल, आणि मला खरी काळजी याचीच आहे. अशा विषयांना आमची लेखी संमती आवश्यक ठरवणारे कलम भागधारक करारात असले की पुरे, असे समोरचे वकील म्हणतात. ते आर्टिकल्समध्येही घालण्याचा आग्रह आम्ही धरावा का? तसेच मतभेद ६० दिवसांत न मिटल्यास आमचे शेअर त्यांनी विकत घ्यायचे, तर किंमत ठरवणारा मूल्यांकनकार कोणी नेमावा?