मदत हवी आहे: टीसीएल बंद असतानाही डीपीडी गुलाबी येतंय

जलसुरक्षक_कोकण
नमस्कार मंडळी. मी आमच्या गावात दीड वर्ष जलसुरक्षकाचं काम करतो. पाणी बोअरचं, क्लोरिनसाठी टाकीत टीसीएल पावडरचं द्रावण सोडतो. पाण्यात क्लोरिन किती उरलं ते बघायला पूर्वी ओटी टेस्ट करायचो, आता डीपीडीच्या गोळ्या आणि रंगाची चकती असलेला डबा आहे.

शनिवारी संध्याकाळी टीसीएल संपली. टाकी रोज रिकामी होते, म्हणजे सोमवारी पाण्यात क्लोरिन नसायला हवं. तरी सकाळी शेवटच्या नळाला ०.५ आलं! गोळी टाकताच गुलाबी. टाकीजवळही ०.५. गेल्या महिन्यात याच नळाचा नमुना जंतू तपासणीत दूषित आला होता आणि त्या दिवशी माझ्या वहीत ०.५ लिहिलेलं आहे. ग्रामपंचायतीत सगळे म्हणतात, तू वही घरी बसून भरतोस. गोळ्या खराब असतील म्हणून बोअरचं थेट पाणी घेऊन बघितलं, तर काहीच रंग नाही. मग गोळ्या बरोबरच ना? चूक कुठे आहे?

पाणीवाला_सोलापूर
उशिरा वाचत असशील मित्रा. गोळी विरघळली की मिनिटाच्या आत चकतीशी जुळवायचं. चहा पिऊन आलास की रंग आपोआप चढतो. शिवाय डब्यात दुसऱ्या बाजूच्या नळीत गोळी न टाकलेलं तेच पाणी ठेव, म्हणजे पाण्याचा स्वतःचा रंग आणि गढूळपणा वजा होतो. एवढं केलंस की झालं.

जलसुरक्षक_कोकण
दादा, दोन्ही करतो. अर्ध्या मिनिटातच ०.५ दिसतं.

गृहिणी_ठाणे
माझंही असंच आहे! म्हणजे उलट. आमच्या सोसायटीच्या टाकीतून पाणी घेतलं, गोळी टाकली, क्षणभर गुलाबी चमकलं आणि लगेच पांढरं. सेक्रेटरी म्हणतात क्लोरिन शून्य आहे, अजून टाका. पाण्याला मात्र स्विमिंग पूलचा वास येतोय. आपलं पाणी आरओचं असेल तर गोळी चालत नाही का?

निवृत्त_केमिस्ट
ताई, तुमचा प्रश्न वेगळा आहे, पण आधी तो घेतो, कारण तिथे घाई आहे. अजून क्लोरिन टाकू देऊ नका. क्लोरिन फार जास्त झालं की ते त्या रंगालाच धुऊन टाकतं, म्हणून गुलाबी येऊन जातं. एक भाग टाकीचं पाणी आणि नऊ भाग डिस्टिल्ड वॉटर मिसळा, त्यावर गोळी टाका आणि येईल त्या आकड्याला दहाने गुणा. आरओचा इथे संबंध नाही.

आता जलसुरक्षक. तुमच्या बादल्यांना, संडासच्या टाकीला आतून काळा थर बसतो का? नळ जोरात सोडल्यावर काळपट कण येतात का?

जलसुरक्षक_कोकण
हो काका! बायका कायम तक्रार करतात. कपड्यांवर काळपट-तपकिरी डाग पडतात. मी म्हटलं बोअरचं लोखंड असेल.

निवृत्त_केमिस्ट
लोखंड असेलही, पण काळा थर म्हणजे बहुधा मँगनीज. बोअरमध्ये ते विरघळलेल्या रूपात असतं आणि त्या रूपात डीपीडीला हातही लावत नाही. म्हणून थेट बोअरचं पाणी तुम्हाला बिनरंगाचं दिसलं. टीसीएल टाकली की क्लोरिन त्याला ऑक्सिडाइज करतं, त्याचे बारीक काळे कण होतात आणि ते टाकीत, पाइपात चिकटून बसतात. हे कण डीपीडीला क्लोरिनसारखेच गुलाबी करतात. ओटीलाही पिवळं करतात, त्यामुळे जुन्या पद्धतीनेही फसला असतात. टीसीएल बंद केली तरी पाइपातले कण सुटत राहतात आणि तुमचा ०.५ तसाच राहतो.

सोलापूरकरांची बिनगोळीची नळी इथे उपयोगी नाही. ती गढूळपणा वजा करते, पण मँगनीजने डीपीडीवर चढवलेला रंग त्या नळीत येतच नाही, कारण तिथे डीपीडी नाही.

घरी करण्यासारखी खूण सांगतो. पसरट भांड्यात नळाचं पाणी घेऊन दिवसभर उघड्यावर उन्हात ठेवा. क्लोरिन उन्हात टिकत नाही. संध्याकाळी ढवळून, कण तळाशी राहू न देता, गोळी टाका. गुलाबी आलं तर ते क्लोरिन नव्हे.

आकडा हवा तर लॅबमध्ये आर्सेनाइटची चाचणी सांगा. डीपीडीच्या आधी सोडियम आर्सेनाइट टाकलं की ते क्लोरिनला मारतं, मँगनीजला सोडतं. मग जो रंग येईल तो मँगनीजचा, तेवढा मूळ आकड्यातून वजा करायचा. आर्सेनाइट विष आहे, ते गावात आणू नका.

पाणीवाला_सोलापूर
काका, ही गोष्ट मला नवीन. पण चकतीच फिकी पडली असेल तर?

निवृत्त_केमिस्ट
चांगला प्रश्न. उन्हात राहून चकती फिकी झाली की नमुना तिच्यापेक्षा गडद वाटतो आणि आकडा वर जातो. तपासायला पोटॅशियम परमँगनेट पुरतं. ०.८९१ ग्रॅम एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. त्यातले १० मिली घेऊन १०० मिली करा. या दुसऱ्या द्रावणाचा १ मिली १०० मिलीत टाकला की डीपीडीला तो क्लोरिनच्या १ पीपीएमसारखा रंग देतो, अर्धा मिली टाकला तर ०.५ चा. गंमत बघा, जे मँगनीज फसवतं तेच इथे मापाला येतं. आधी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवर गोळी टाकून ते बिनरंगी राहतं का पाहा.

जलसुरक्षक_कोकण
(आठवड्यानंतर) मंडळी, केलं सगळं. ०.८९ ग्रॅम सोनाराच्या काट्यावर तोलून घेतलं, अर्धा मिली इंजेक्शनच्या १ मिलीच्या सिरिंजने. ०.५ चं द्रावण चकतीवर ०.६ ला जुळलं, म्हणजे चकती ०.१ ने फुगवते. उन्हातलं पाणी संध्याकाळीही गुलाबी आलं, साधारण ०.५.

शेवटच्या नळाचा नमुना जिल्ह्याच्या लॅबला दिला. तिथल्या यंत्रावर साधी डीपीडी ०.४६, आर्सेनाइट टाकून ०.४१. म्हणजे खरं क्लोरिन ०.०५ ना? किमान ०.२ हवं असतं.

निवृत्त_केमिस्ट
नमुना लॅबला पोचायला किती वेळ लागला?

जलसुरक्षक_कोकण
चार तास. एसटीने गेलो.

निवृत्त_केमिस्ट
मग ०.०५ हा आकडा लिहू नका. चार तासांत क्लोरिन कमी झालेलं असणार, ही चाचणी नळाशीच करायची असते. पण ०.४१ वर जास्त भरवसा ठेवता येतो, ते कण प्रवासात उडून जात नाहीत, फक्त थोडे बाटलीला चिकटू शकतात. आता तुमच्या चकतीवरचा ०.५ घ्या, चकतीची चूक काढून ०.४ उरतो आणि तोही मँगनीजनेच भरून निघतो. शेवटच्या नळाला क्लोरिन जवळजवळ नाही, म्हणून जंतू तपासणीत नमुना दूषित आला.

पाणीवाला_सोलापूर
मग डोस वाढव की, ०.७ दिसेपर्यंत.

निवृत्त_केमिस्ट
वाढवलेलं क्लोरिन आधी मँगनीज खाणार आणि काळे कण आणखी होणार. ०.७ दिसेल, पण त्यातलं क्लोरिन किती, कोण सांगणार? ०.४१ हा एका दिवसाचा आकडा. नळ जोरात सोडला की तो बदलेल.

जलसुरक्षक_कोकण
ग्रामसेवक विचारतायत, फिल्टर बसवायचा की बोअर बदलायचा. बोअरच्या पाण्यातलं मँगनीज लॅबमध्ये तपासायला टाकलंय. तोवर वहीत काय लिहू?

निवृत्त_केमिस्ट
दोन रकाने करा. नळाचं पाणी आणि उन्हात ठेवलेलं पाणी.